रविवारचं मटण बुधवारी खाल्लेलं चालतं का? फ्रिजमधल्या रश्श्याचा खरा हिशोब

आषाढ संपत आला की अनेक घरांत रविवारी मटण ठरलेलं असतं. श्रावण लागला की महिनाभर बंद, म्हणून अर्धा किलो जास्तच आणलं जातं. पाहुणे येतात, दुपारी जेवणं होतात, रात्री पुन्हा भाकरीबरोबर रस्सा होतो आणि तरीही टोपात उरतंच. ते फ्रिजमध्ये जातं.

खरी गंमत पुढे आहे. सोमवारी घरात कुणी खात नाही. मंगळवारी कुणाचा गणपतीचा वार असतो. मग बुधवारी टोप बाहेर निघतो. एक जण झाकण काढून वास घेतो आणि "चांगलं आहे की" म्हणतो. दुसरं कुणी म्हणतं, "तीन दिवस झाले, टाकून द्या." बुधवारीही राहिलं तर गुरुवारी पुन्हा वार आडवा येतो आणि गोष्ट शुक्रवारवर जाते.

यात बरोबर कोण?

आधी सरळ उत्तर. शिजवलेलं मांस फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवस ठेवता येतं, असं अमेरिकेचा कृषी विभाग सांगतो. त्यासाठी फ्रिजचं तापमान साधारण ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असलं पाहिजे. ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी जास्त कडक आहे. उरलेलं अन्न ४८ तासांत संपवा, असं ती सांगते. जंतू दोन्ही देशांत तेच आहेत. फरक आहे तो किती खबरदारी घ्यायची याचा.

आपल्या रविवारच्या मटणाला हे लावून बघू. दुपारी १ वाजता गॅस बंद केला असेल तर ब्रिटनच्या हिशोबाने ते मंगळवारी दुपारपर्यंत संपवायला हवं. अमेरिकेच्या हिशोबाने बुधवारी दुपारी ३ दिवस पूर्ण होतात आणि गुरुवारी दुपारी ४. म्हणजे सगळं नीट झालं असेल तर बुधवारचं रात्रीचं जेवण ही शेवटची वेळ धरावी. शुक्रवार कुठल्याच हिशोबात बसत नाही.

घरात गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी दोन दिवसांचाच नियम धरलेला बरा.

पण "सगळं नीट झालं असेल तर" या शब्दांतच खरी मेख आहे. बहुतेक घरांत दिवस मोजले जातात ते टोप फ्रिजमध्ये ठेवल्यापासून. मटण बिघडायला सुरुवात होते ती त्याच्या आधीच, ओट्यावर.

उकळलं म्हणजे सगळं मेलं, असं नसतं

मटण कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या घेतं, मग वाटणाबरोबर अर्धा तास खदखदतं. एवढ्या उष्णतेत जंतू कसे राहतील, असं कुणालाही वाटेल. बहुतेक मरतातही. पण काही जंतू संकट आलं की बीजाणूच्या रूपात जातात. जाड कवच असलेल्या बीसारखी ही अवस्था असते. या अवस्थेत ते उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. मटण-चिकनच्या बाबतीत यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तो मातीत असतो आणि जनावरांच्या व माणसांच्या आतड्यातही असतो. त्यामुळे कच्च्या मांसावर किंवा मसाल्यावर तो थोडाफार सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

त्याची सवय समजली की बाकी सगळं समजतं. उकळी त्याला मारत नाही, उलट त्या उष्णतेने झोपेतून जागं करते. रस्सा थंड होत साधारण ५४ अंशांच्या खाली आला की हे जागे झालेले जंतू वाढायला लागतात. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास त्यांचा वेग सगळ्यात जास्त असतो. त्यांना हवा लागत नाही, उलट नकोच असते. उकळताना रश्श्यातली हवा निघून गेलेली असते आणि वर तर्रीचा थर असतो. म्हणजे झाकण ठेवलेला कोमट मटणाचा टोप त्यांच्यासाठी अगदी सोयीची जागा असते.

वाढीचा वेग किती? परिस्थिती अनुकूल असेल तर साधारण दर १० मिनिटांनी संख्या दुप्पट होते. एका ग्रॅम रश्श्यात असे फक्त १० जंतू आहेत असं धरा. तासाभरात सहा वेळा दुप्पट होऊन ते ६४० होतील. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट होऊन आकडा २६ लाखांवर जाईल. प्रत्यक्षात सुरुवातीला जागं व्हायला थोडा वेळ जातो आणि तापमान सतत एकसारखं नसतं, त्यामुळे गणित इतकं सरळ चालत नाही. पण पोट बिघडायला एका ग्रॅममागे दहा लाखांच्या पुढे जंतू लागतात, आणि ती पातळी गाठायला आठवडा लागत नाही. एक दुपार पुरते.

एका रविवारची वेळापत्रकं

आता नेहमीचा रविवार बघू. दीड किलो मटण, पाण्यासह चार-पाच लिटरचा टोप. १ वाजता गॅस बंद. २ वाजता जेवणं. टोप झाकण ठेवून ओट्यावरच, कारण रात्री पुन्हा लागणार आहे. जुलैतल्या स्वयंपाकघरात २८-३० अंश तापमान असतं. एवढा मोठा झाकलेला टोप ६० अंशांवरून कोमटावर यायला काही तास लागतात, आणि ते सगळे तास परफ्रिंजेन्सच्या आवडत्या तापमानात जातात.

रात्री ९ वाजता टोप पुन्हा गॅसवर चढतो. कडेला बुडबुडे दिसले, वाफ आली की उतरवला जातो. जेवणं, गप्पा, आवराआवर. ११ वाजता टोप "जरा गार झाला" म्हणून फ्रिजमध्ये जातो. बाहेरून गार लागला तरी आतला रस्सा अजून कोमट असतो, आणि फ्रिजमध्येही त्या खोल टोपाचा मध्यभाग ४ अंशांवर यायला रात्रीचा मोठा भाग जातो.

घरच्यांच्या मते हे मटण सोमवारी एक दिवसाचं असतं. जंतूंच्या हिशोबाने त्याने रविवारीच दोनदा तो धोक्याचा काळ पार केलेला असतो. अशा मटणाला ३-४ दिवसांचा नियम लावता येत नाही. खरं तर कुठलाच नियम लावता येत नाही.

अन्न किती वेळ बाहेर ठेवावं यासाठी जगभर वापरला जाणारा आडाखा आहे दोन तासांचा. गॅस बंद केल्यापासून दोन तासांत अन्न फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त उष्णता असेल तर एकच तास. नागपूर-जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघरात यापेक्षा कमी तापमान फारसं नसतंच, म्हणजे तिथे उन्हाळ्यात एक तासच धरायचा.

मग तोच रविवार दुसऱ्या पद्धतीने कसा गेला असता? १ वाजता गॅस बंद. दुपारी जेवढं लागणार आहे तेवढं एका पातेल्यात बाजूला. उरलेलं लगेच तीन-चार पसरट डब्यांत, रश्श्याची खोली दोन इंचांपेक्षा जास्त नाही. मोठ्या परातीत गार पाणी घ्यायचं, असेल तर बर्फाचे खडे टाकायचे, त्यात डबे ठेवायचे आणि रस्सा अधूनमधून ढवळायचा. पाणी कोमट झालं की बदलायचं. अर्ध्या-पाऊण तासात डबा हाताला गार लागतो. २ वाजता जेवायला बसायच्या आधी डबे फ्रिजमध्ये. रात्री त्यातला एकच डबा बाहेर काढायचा. बाकीचे जागचे हलवायचे नाहीत.

पसरट डब्याला एवढं महत्त्व का? उष्णता मधून कडेपर्यंत यायला जेवढं अंतर जास्त, तेवढा वेळ लागतो, आणि हा वेळ अंतरापेक्षा खूप वेगाने वाढतो. दाट रश्श्यात जाडी दुप्पट केली तर गार व्हायला दुप्पट नाही, जवळपास चौपट वेळ लागू शकतो. वाटण घातलेला दाट रस्सा टोपात पाण्यासारखा आपोआप फिरत नाही, म्हणून तो जास्तच हळू गार होतो.

"गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये" ही समजूत इथे आडवी येते. त्यात थोडं तथ्य आहे. पाच लिटरचा वाफाळता टोप आत ठेवला तर शेजारचं दूध आणि दही तापतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो. पण कोमट, पसरट, लहान डब्याने काहीही बिघडत नाही. फ्रिजची काळजी घ्यायची म्हणून मटण चार तास ओट्यावर ठेवण्यात फ्रिज वाचतो, पोट वाचत नाही.

वास घेऊन का कळत नाही

बुधवारी झाकण काढून वास घेणाऱ्याची चूक इथेच होते. अन्नाला आंबूस वास येणं, बुडबुडे येणं, चिकट तार येणं हे सगळं अन्न खराब करणाऱ्या जंतूंचं काम आहे. ओल्या नारळाचं वाटण असलेल्या रश्श्यात ते लवकर दिसतं. अशी लक्षणं दिसली तर प्रश्नच नाही, टोप रिकामा करायचा.

पण माणसाला आजारी पाडणारे जंतू वेगळे. ते लाखोंनी वाढले तरी चव, वास, रंग यात फरक पडेलच असं नाही. म्हणजे वाईट वास हा टाकून देण्याचा पुरावा आहे, पण चांगला वास हा खाण्याचा परवाना नाही. त्यातून मटणाला लवंग, दगडफूल, लसूण यांचा एवढा भरभक्कम वास असतो की बारीक फरक लपून जातो. तिखट आणि मसाला जास्त असला की टिकतं, हाही असाच भ्रम. भाजीत पडतो तेवढ्या मसाल्याने मांस सुरक्षित राहत नाही.

याउलट काही गोष्टी बघून उगाच घाबरायला होतं. फ्रिजमधल्या मटणावर पांढरा-पिवळा कडक थर दिसतो, ती गोठलेली चरबी असते. रस्सा जेलीसारखा थरथरतो, तो नळी आणि सांध्यांमधून उतरलेला चिकट अंश असतो. दोन्ही गरम केल्यावर विरघळतात आणि दोन्हींचा बिघडण्याशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मटण जास्त चवदार लागतं, हेही खोटं नाही. मसाला मुरतो. म्हणून शिळं मटण वाईट असं काही नाही, फक्त ते कसं शिळं झालं हे महत्त्वाचं.

परफ्रिंजेन्सने पोट बिघडलं तर साधारण ६ ते २४ तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. उलटी आणि ताप सहसा नसतो. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना मात्र पाणी कमी होऊन त्रास वाढू शकतो. हा उशीर लक्षात घेण्यासारखा आहे. बुधवारी रात्री मटण खाल्लं आणि गुरुवारी सकाळी पोट बिघडलं की दोष जातो गुरुवारच्या पोह्यांना. मटण सुटतं, आणि पुढच्या रविवारी टोप पुन्हा तसाच ओट्यावर राहतो.

उकळी देऊन ठेवायची जुनी रीत

फ्रिज नव्हता तेव्हा मटण सकाळ-संध्याकाळ उकळून ठेवायचे. आजही गावाकडे हे चालतं. त्यात शहाणपण होतंच. खळखळून उकळी आली की तोवर वाढलेले जंतू मरायचे आणि संख्या पुन्हा खाली यायची. पण बीजाणू मागे राहायचे आणि टोप कोमट झाला की पुन्हा सुरुवात. शिवाय हातावरून किंवा चमच्यावरून पडणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू अन्नात विष सोडतो, आणि ते विष उकळूनही जात नाही. जंतू मेला तरी विष तसंच राहतं.

खरा घोळ होतो तो दोन्ही पद्धती अर्ध्या-अर्ध्या केल्याने. अख्खा टोप फ्रिजमधून काढायचा, कोमट करायचा, दोन वाट्या घ्यायच्या आणि उरलेला पुन्हा आत. सोमवारी एकदा, मंगळवारी दोनदा. प्रत्येक वेळी सगळंच मटण त्या धोक्याच्या तापमानातून जाऊन येतं. त्यापेक्षा गार रश्श्यातून लागेल तेवढंच पातेल्यात काढावं आणि तेवढंच खळखळून उकळावं. शास्त्रीय आकडा आहे ७४ अंश, म्हणजे मधला तुकडाही वाफाळता गरम. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर मध्ये एकदा ढवळायला हवं, कारण त्यात कडा उकळतात आणि मध्ये थंड राहतं. एकदा गरम केलेलं उरलं तर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये.

मग चार दिवसांनी नेमकं काय होतं?

नीट गार केलेल्या मटणात ४ अंशांवर परफ्रिंजेन्स वाढत नाही. मग मर्यादा कशाला? कारण फ्रिज म्हणजे थांबवणं नव्हे, हळू करणं. लिस्टेरियासारखे जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतात. उकळल्यानंतर ते डबा, डाव किंवा शेजारच्या भाजीवरून रश्श्यात येऊ शकतात. गरोदरपणात लिस्टेरिया बाळासाठी घातक ठरू शकतो, म्हणून गरोदर बाईसाठी नियम कडक.

दुसरं म्हणजे, आपला फ्रिज ४ अंशांवर आहे हे गृहीत धरलेलं असतं, मोजलेलं नसतं. मोजणं सोपं आहे. साधा फ्रिजचा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा बघायचा. ७-८ दाखवत असेल तर चार दिवस विसरा, दोन दिवसांतच संपवा आणि थंडीचं बटण वाढवा. दाराचा कप्पा सगळ्यात उबदार, तिथे मटणाचा डबा नको. फ्रिज गच्च भरलेला असेल तर हवा खेळत नाही आणि मागचं थंड, पुढचं कोमट असा प्रकार होतो.

पावसाळ्यात वीज गेली तर? दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली असेल तर मटणाचा डबा जपत बसू नये.

फ्रीझरमध्ये टाकायचं तर सोमवारीच

फ्रीझरबद्दलची सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याला शेवटचा उपाय समजणं. चौथ्या दिवशी रात्री लक्षात येतं की आता संपत नाही, मग डबा वर जातो. पण गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. चौथ्या दिवशी गोठवलेलं मटण वितळल्यावर चौथ्या दिवसाचंच असतं.

म्हणून निर्णय रविवारी रात्री किंवा फार तर सोमवारी घ्यायचा. मंगळवारी-बुधवारी खरंच किती लागेल, तेवढं खाली ठेवायचं आणि बाकीचं वर. एका जेवणाला पुरेल एवढेच डबे करायचे, वर बोटभर जागा ठेवायची, कारण रस्सा गोठताना फुगतो. जाड पिशवीत भरून आडवी पसरून गोठवली तर लवकर गोठते आणि लवकर वितळते. बटाटे घातले असतील तर काढून घ्यावेत, गोठून ते भुसभुशीत होतात. डब्यावर तारीख लिहायला विसरू नये. दोन महिन्यांनी गोठलेलं चिकन आणि मटण ओळखता येत नाही, तारीख तर नाहीच.

उणे १८ अंशांवर मटण सुरक्षित राहतं. चवीसाठी मर्यादा २ ते ६ महिने धरतात. मात्र सिंगल डोअर फ्रिजमधला बर्फाचा कप्पा दरवेळी एवढा थंड असतोच असं नाही. आइस्क्रीम तिथे दगडासारखं कडक राहत असेल तर तो कप्पा बऱ्यापैकी थंड आहे. मऊ पडत असेल तर महिनोन्महिने भरवसा ठेवू नका.

आषाढातल्या शेवटच्या रविवारी उरलेल्या मटणाला हे अगदी लागू पडतं. श्रावण पाळणाऱ्या घरात ते महिनाभर निघणार नाही, आणि गणपती होईपर्यंत थांबणाऱ्या घरात दीड महिना. चांगल्या फ्रीझरमध्ये एवढा काळ सहज जातो.

बाहेर काढताना डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवायचा, ओट्यावर नाही. ओट्यावर कडेचा रस्सा कोमट होतो तरी मधला बर्फ तसाच राहतो. घाई असेल तर गोठलेला गोळा थेट पातेल्यात, थोडं पाणी घालून मंद आचेवर. नारळाचं वाटण फुटल्यासारखं दिसेल, ढवळून उकळी आली की ते पुन्हा मिळून येतं. खळखळून उकळलं की त्याच दिवशी संपवायचं.